मंगल कार्यालयाची छायाचित्रे: खुर्च्या आणि खांब काढल्यावर फरशी व स्टेज पुन्हा कसे उभे राहतात

लग्नाच्या छायाचित्रातून प्लॅस्टिकची खुर्ची किंवा सजावटीचा खांब पुसणे हा कामाचा लहान भाग असतो. मोठा भाग म्हणजे त्यांच्या आड जे होते ते पुन्हा उभे करणे. मंगल कार्यालयात आड गेलेले हे दृश्य साधारण चार प्रकारचे असते: चौकोनी फरशी, स्टेजची कड आणि पायऱ्या, चुण्यांचा पडदा व फुलांची सजावट, आणि माणसे. फरशीचा दिसणारा भाग पाहून झाकलेला भाग जवळजवळ खात्रीने ठरवता येतो. स्टेजच्या कडेबाबतही हे बरेचसे खरे आहे. पडद्याच्या चुण्या अंदाजाने भराव्या लागतात, पण तो अंदाज खपून जातो. खुर्चीआड गेलेला पाहुण्याचा हात किंवा चेहरा मात्र कोणत्याही हिशेबाने परत मिळत नाही. पद्धतीची निवड या फरकावर अवलंबून असते, हातातल्या सॉफ्टवेअरवर त्या मानाने कमी.

झाकलेल्या भागाचा पुरावा

झाकलेल्या भागाची माहिती तीन ठिकाणांहून मिळते. पहिले ठिकाण म्हणजे तेच छायाचित्र. साध्या मोनोब्लॉक खुर्चीच्या पाठीत उभ्या फटी असतात आणि पायांमधून बरीच फरशी दिसते. या फटींतून दिसणारे सांधे आणि रंग खरे असतात, त्यामुळे खुर्ची सरसकट पुसण्याआधी ते खुणा म्हणून वेगळ्या थरावर जपून ठेवले जातात. पुढे आखलेली प्रत्येक रेषा या खुणांशी जुळते का, हे पाहता येते.

दुसरे ठिकाण म्हणजे त्याच समारंभातले दुसरे छायाचित्र. सकाळी पाहुणे येण्यापूर्वी काढलेला रिकाम्या हॉलचा फोटो, डेकोरेटरने सजावट संपल्यावर काढून ठेवलेला फोटो किंवा एका बाजूला सरकून घेतलेली पुढची चौकट, यांपैकी काही हाती लागले तर अंदाजाची गरज बरीच कमी होते. व्हिडिओतली चौकटही चालते, पण फुल एचडी व्हिडिओची रुंदी १९२० पिक्सेल असते. ६००० पिक्सेलच्या छायाचित्रात बसवायची तर ती तिपटीहून अधिक ताणावी लागते. त्यामुळे ती पडद्याचा रंग आणि वस्तूंच्या जागा कळण्यापुरती उपयोगी पडते, बारीक पोतासाठी नाही. एकाच जागेवरून घेतलेल्या अनेक चौकटींचा मध्यक काढण्याची युक्ती येथे फसते. तिने इकडून तिकडे फिरणारी माणसे नाहीशी होतात, पण खुर्ची आणि खांब सगळ्या चौकटींत एकाच जागी असल्यामुळे तसेच राहतात.

तिसरे ठिकाण म्हणजे रचनेचे ज्ञान. फरशीचे चौकोन सारखे असतात, पायऱ्या समांतर असतात आणि स्टेजची सजावट बहुधा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. एक बाजू झाकली असेल तर दुसरी उलटी करून बसवता येते. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उजेड दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आणि काही वस्तू उलट्या करता येत नाहीत: वधूवरांच्या नावांची अक्षरे उलटी दिसतात आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. ही चूक घरच्या मंडळींच्या लगेच लक्षात येते.

आपोआप भरणाऱ्या पद्धती

मोकळी केलेली जागा संगणकाने स्वतः भरावी, या विषयावरचे संशोधन २००० सालच्या आसपास जोमाने सुरू झाले. बर्ताल्मिओ, सापिरो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत छिद्राच्या कडेवरच्या छटा हळूहळू आत पसरवल्या जातात. जुन्या फोटोवरचा चरा किंवा वर छापलेली अक्षरे यांसाठी ती चांगली आहे. खुर्चीएवढ्या रुंद जागेत मात्र आतला पोत विरघळून धूसर डाग उरतो.

क्रिमिनिसी, पेरेज आणि तोयामा यांच्या २००४ च्या पद्धतीने रंग पसरवण्याऐवजी चित्रातल्याच इतर जागांचे छोटे तुकडे उचलून आणले. कडेला जिथे ठळक रेषा येऊन थांबते तिथला तुकडा आधी भरायचा, म्हणजे रेषा पुढे चालू राहते, हा तिचा नियम होता. जुळणारा तुकडा शोधायला फार वेळ लागत असे. तो शोध २००९ मधल्या पॅचमॅच पद्धतीने अतिशय जलद केला आणि २०१० मध्ये फोटोशॉप सीएस५ मध्ये कंटेंट-अवेअर फिल हे साधन आले.

हे साधन जाजम, साधी भिंत किंवा फुलांचा गुच्छ छान भरते. चौकोनी फरशीवर ते अडखळते, कारण तुकडा ज्या आकारात दिसतो साधारण त्याच आकारात तो उचलला जातो. फरशीचे चौकोन तर दूर जाताना सतत लहान होत असतात. परिणाम म्हणजे सांधा मधेच तुटतो किंवा एका ओळीत दोन वेगळ्या मापांच्या फरश्या येतात. २०१४ मध्ये हुआंग, कांग, आहुजा आणि कोफ यांनी चित्रातली सपाट पृष्ठे आधी ओळखून तुकडे त्या पृष्ठाच्या कलाप्रमाणे वळवण्याची पद्धत मांडली, ती याच अडचणीवर होती.

२०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये आलेले जनरेटिव्ह फिल चित्रातून तुकडे न उचलता शिकलेल्या नमुन्यांवरून नवे दृश्य रचते. त्यात सांधे बऱ्याचदा सरळ येतात, पण ती फरशी त्या हॉलची असेलच असे नाही. सुरुवातीला त्याचा भराव सुमारे १०२४ पिक्सेलच्या चौरसात तयार होऊन मोठ्या जागेवर ताणला जात असे, त्यामुळे मोठ्या छपाईत तो भाग मऊ दिसे. स्टेजवर ते कधी नसलेली समई किंवा अनोळखी पाहुणाही उभा करते. म्हणून आपोआप आलेला भराव हा कच्चा खर्डा समजून फरशी आणि स्टेजची कड हाताने आखणे हाच अजूनही भरवशाचा मार्ग आहे.

फरशीचा हिशेब: एक उदाहरण

उदाहरणादाखल असे छायाचित्र घेता येईल. फुल फ्रेम कॅमेरा, २४ मिलिमीटरची लेन्स, ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आणि समपातळीत आहे. स्टेजची कड ९ मीटर दूर आहे. मधल्या मोकळ्या जागेत, ४.५ मीटरवर, तीन पांढऱ्या खुर्च्या आहेत. फरशी ६० सेंटिमीटरची, म्हणजे बाजारात दोन बाय दोनची म्हणतात ती, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल आहे.

कॅमेरा समपातळीत असल्यामुळे क्षितिजरेषा चित्राच्या बरोबर मध्यावर, वरून २००० पिक्सेलवर पडते. ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर ६००० पिक्सेल, म्हणून २४ मिलिमीटर म्हणजे ४००० पिक्सेल. या आकड्यावरून जमिनीवरचा कोणताही बिंदू क्षितिजाच्या किती खाली दिसेल ते निघते:

```
y = 4000 × 1.5 / अंतर (मीटर)
```

३ मीटरवरचा बिंदू क्षितिजाखाली २००० पिक्सेलवर, म्हणजे चित्राच्या तळकडेवर येतो. तिथे एका फरशीची पुढची कड ८०० पिक्सेल रुंद दिसते आणि फरशीची खोली ३३३ पिक्सेल. ६ मीटरवर रुंदी ४०० होते, पण खोली फक्त ९१ पिक्सेल. अंतर दुप्पट झाले की रुंदी निम्मी होते आणि खोली जवळपास चौथाईवर येते. जवळची फरशी उचलून, लहान करून दूर ठेवली तरी ती बसत नाही, याचे कारण हेच: तिची लांबी-रुंदी एका प्रमाणात कमी होत नाही. क्लोन स्टॅम्पने फरशी आडवी सरकवणे चालते, उभी सरकवणे चालत नाही.

खुर्ची साधारण ८५ सेंटिमीटर उंच धरली तर ती क्षितिजाखाली ५७८ पासून १३३३ पिक्सेलपर्यंतची पट्टी झाकते. या पट्टीत साडेचार ते नऊ मीटरपर्यंतच्या फरशीच्या सात-आठ ओळी आहेत आणि स्टेजच्या झालरीचा खालचा थोडा भाग आहे. सर्वांत जवळच्या झाकलेल्या ओळीची खोली १५७ पिक्सेल, तर स्टेजला लागून असलेल्या ओळीची ४८ पिक्सेल.

काम या क्रमाने होते. आधी लेन्सचा फुगवटा लेन्स प्रोफाइल लावून काढला जातो. तो राहिला तर सांधे मुळातच वाकडे असतात आणि सरळ जाळी त्यांच्यावर बसत नाही. मग कॅमेऱ्याकडून स्टेजकडे जाणारे दोन-तीन सांधे वाढवून ते जिथे मिळतात तो बिंदू शोधला जातो. तो क्षितिजरेषेवर पडला पाहिजे. आडव्या सांध्यांची अंतरे नजरेने ठरवली तर हमखास चुकतात, म्हणून कर्णाची कसोटी घेतली जाते. एका फरशीचा कर्ण पुढे वाढवला की तो पुढच्या प्रत्येक ओळीत एकेका फरशीच्या कोपऱ्यातूनच जायला हवा. एखाद्या ओळीत तो कोपरा चुकवून गेला तर त्या ओळीचा सांधा चुकीच्या उंचीवर आखलेला आहे.

जाळी तयार झाल्यावर नवा रिकामा थर घेऊन फोटोशॉपचा व्हॅनिशिंग पॉइंट फिल्टर उघडला जातो. विंडोजवर त्यासाठी Ctrl+Alt+V ही कळ आहे. फरशीच्या चार ओळखीच्या कोपऱ्यांवर पृष्ठ आखले की जाळी निळी दिसते. ती पिवळी किंवा लाल झाली तर कोपरे चुकले आहेत. या पृष्ठावर क्लोन करताना फरशी दूर जाते तशी आपोआप लहान होते, म्हणून येथे उभे सरकवणेही चालते. गिंपमध्ये हेच काम पर्स्पेक्टिव्ह क्लोन करते. जवळची फरशी दूर नेणे नेहमी बरे, कारण ती लहान होताना तपशील टिकतो. दूरची जवळ आणली तर ती ताणली जाऊन धूसर होते.

सांध्यांची जाडी हा सहज सुटणारा तपशील आहे. ३ मिलिमीटरचा सांधा तळकडेजवळ ४ पिक्सेल दिसतो, ६ मीटरवर २ आणि १२ मीटरवर एकच. हाताने आखलेली सांध्याची रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची ठेवली की डोळ्याला फरशी उभी राहिल्यासारखी वाटते.

खांबामागचे स्टेज

त्याच छायाचित्रात उजवीकडे, ५ मीटरवर, कापड आणि फुलांच्या माळा गुंडाळलेला खांब आहे. त्याची एकूण जाडी १५ सेंटिमीटर, म्हणजे चित्रात १२० पिक्सेल. त्याच्या आड स्टेजच्या कडेचा सुमारे २७ सेंटिमीटरचा पट्टा गेला आहे, शिवाय मागच्या पडद्याचा थोडा भाग.

खांब जवळ आणि स्टेज दूर असल्यामुळे छायाचित्रकार बाजूला सरकला की खांब स्टेजच्या तुलनेत अधिक सरकतो. छायाचित्रकार ६० सेंटिमीटर सरकला तर खांब चित्रात ४८० पिक्सेल हलतो आणि स्टेजची कड २६७. फरक २१३ पिक्सेलचा पडतो. खांब १२० पिक्सेलचाच असल्याने आड गेलेला पट्टा दुसऱ्या चौकटीत पूर्ण मोकळा दिसतो. हिशेबाने ३५ सेंटिमीटर सरकणेही पुरते. फोटो काढतानाच एक पाऊल बाजूला टाकून दुसरी चौकट घेतली असेल तर संपादनाचे बरेच काम वाचते.

दुसरी चौकट बसवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ती एकदाच, अख्खी जुळवणे. मागचा पडदा १२ मीटरवर असेल तर त्याच पावलाने तो २०० पिक्सेलच हलतो. स्टेजची कड जुळवली की पडदा ६७ पिक्सेलने चुकतो. म्हणून एकाच चौकटीचे दोन थर करून एक कडेशी आणि दुसरा पडद्याशी जुळवावा लागतो, आणि प्रत्येकातून तेवढाच भाग मास्क लावून घ्यावा लागतो. स्टेजवरची माणसे दोन चौकटींमध्ये हललेली असतात, म्हणून त्यांचा कोणताही भाग दुसऱ्या चौकटीतून उचलला जात नाही.

दुसरी चौकट नसेल तर आधी पायऱ्यांच्या आणि कडेच्या आडव्या रेषा खांबाच्या दोन्ही बाजूंना जोडून घेतल्या जातात आणि मधला भाग त्यांच्यात भरला जातो. पडद्यासाठी शेजारची उंच, उभी पट्टी फक्त आडवी सरकवली जाते. सजावटीचे एलईडी दिवे बहुधा खालून वर रोखलेले असतात, त्यामुळे पडदा खाली उजळ आणि वर काळसर असतो. पट्टी वर-खाली सरकली की तिचा उजेड शेजारच्या चुण्यांशी जुळत नाही. एकच चूण जवळजवळ दोनदा दिसू नये म्हणून पट्टी थोडी लांबून घ्यावी लागते.

सावली आणि प्रतिबिंब

खुर्ची गेली तरी तिची सावली राहते, आणि चकचकीत फरशीवर तिचे प्रतिबिंबही राहते. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची सावली खुर्चीच्या मागे पडते आणि बरीचशी तिच्याच आड लपते. स्टेजच्या दिव्यांची सावली मात्र कॅमेऱ्याकडे येते आणि मोकळ्या फरशीवर पसरते. ती निवडीत धरावीच लागते.

प्रतिबिंबाचा नियम सोपा आहे: समपातळीतल्या कॅमेऱ्याला उभ्या वस्तूचे प्रतिबिंब तिच्या पायथ्यापासून सरळ खाली, तिच्या दिसणाऱ्या उंचीएवढेच लांब दिसते. उदाहरणातली खुर्ची चित्रात ७५५ पिक्सेल उंच आहे. तिचा पायथा १३३३ वर आहे, म्हणून तिच्या पाठीचे फिकट पांढरे प्रतिबिंब तळकडेपर्यंत पोहोचते. कॅमेऱ्याजवळ ते मंद होत जाते, पण काळपट फरशीवर डोळ्याला जाणवते. फक्त खुर्चीभोवती निवड केली तर खाली एक पांढुरकी छाया उरते आणि ती कशाची, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जे दिसायला हवे ते प्रतिबिंब पुन्हा रचावे लागते. स्टेज ७५ सेंटिमीटर उंच असेल तर त्याची दर्शनी बाजू ३३३ पिक्सेल दिसते, आणि तिचे प्रतिबिंब क्षितिजाखाली ६६७ पासून १००० पिक्सेलपर्यंत पसरते. ही सगळी पट्टी खुर्च्यांनी झाकलेली होती. नुसती कोरी फरशी भरली तर खुर्च्यांच्या जागी झालरीचा लाल रंग अचानक तुटतो. झालर उलटी करून, थोडी धूसर करून, कमी अपारदर्शकतेने फरशीवर ठेवली की ही तूट भरून निघते. दिव्यांचा चकाकणारा पट्टाही असाच दिव्याच्या सरळ खाली पडतो, सांध्यांच्या दिशेने नाही. म्हणून बाजूची फरशी उचलताना तिच्यावरची चकाकी सोबत येऊ नये याची काळजी घ्यावी लागते. त्यासाठी सांधे आणि उजेड वेगळे ठेवणे सोयीचे पडते: सांध्यांचा बारीक तपशील एका थरावर, उजेडाचा मऊ उतार दुसऱ्या थरावर.

तपासणी आणि मर्यादा

निवड खुर्चीच्या कडेला चिकटून केली तर पांढरी किनार उरते. जेपीईजी फाइल ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबली जाते आणि तीव्र कडेजवळचा दोष त्या चौकटीभर पसरतो, म्हणून निवड साधारण ८ पिक्सेल बाहेर वाढवलेली बरी. हॉलमधले फोटो अनेकदा आयएसओ १६०० ते ३२०० वर काढलेले असतात. त्यांच्यात दाणे असतात आणि भरलेला भाग गुळगुळीत दिसतो, म्हणून शेवटी त्या थरावर मोजके दाणे घालून तो आजूबाजूशी मिळवला जातो. फरशीवर अक्षता आणि पाकळ्या विखुरल्या असतील तर मधेच एक स्वच्छ आयत उठून दिसतो. तिथे अक्षता पसरल्याच पाहिजेत, पण तोच झुबका दोन जागी नको.

चूक पकडण्याच्या काही ठरलेल्या तऱ्हा आहेत. चित्र उलटे करून पाहिले की डोळ्याची सवय मोडते आणि वाकडे सांधे दिसतात. तात्पुरता कर्व्हज थर लावून कॉन्ट्रास्ट वाढवला की उजेडातले डाग उघडे पडतात. निळा चॅनेल एकटा पाहिला की दाण्यांतला फरक कळतो. शेवटी छपाईच्या मापावर पाहणे आवश्यक असते. अल्बमचे १२ × ३६ इंचांचे पान ३०० डीपीआयला १०८०० पिक्सेल रुंद होते, म्हणजे उदाहरणातला फोटो पूर्ण पानभर टाकला तर १.८ पट ताणला जातो आणि प्रत्येक दोषही तितकाच वाढतो.

काही ठिकाणी वस्तू न काढणे हेच योग्य ठरते. खुर्चीवर कोणी बसले असेल, कोणी खांबाला टेकले असेल किंवा खुर्चीआड माणसाचे पाय गेले असतील, तर मागचे दृश्य भरून भागत नाही. माणसाचे शरीर रचावे लागते आणि त्यासाठी कोणताच पुरावा नसतो. अशा वेळी खुर्चीचा चमकदार पांढरा रंग दाबून ती सावलीत मिसळणे, खांबाचा रंग पडद्याशी जुळवणे किंवा चौकट आत कापून घेणे यांनी काम भागते. छतापर्यंत गेलेला खांब काढायचा तर त्यावर टेकलेले आडवे पाइप, झुंबरे आणि कापडी छतही काढावे लागते, नाहीतर ते अधांतरी लटकलेले दिसतात. इतका भाग पुन्हा रचावा लागत असेल तर खांब आहे तसा ठेवलेला बरा.